लग्नाला मंगळ नाही, चंद्राला आहे, शुक्रालाही आहे: मग मुलीला मंगळ आहे की नाही?

स्थळं पाहायला सुरुवात झाली की पुण्यातल्या बऱ्याच घरांत हा गोंधळ होतो. वर्षानुवर्षं पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींनी सांगितलेलं असतं, "मुलीला मंगळ नाही, निश्चिंत राहा." मग वरपक्षाकडून निरोप येतो की आमच्या ज्योतिषांच्या मते मुलीला चंद्रापासून मंगळ आहे. घरातला कोणीतरी मोबाइलवर जन्मवेळ घालून बघतो, तर तिथे तिसरंच उत्तर निघतं: "शुक्रापासून मांगलिक." पत्रिका एकच, जन्मवेळ एकच, मग उत्तरं तीन कशी? गुरुजी चुकले, की समोरच्यांना नकार द्यायला निमित्त हवं होतं?

बहुतेक वेळा कोणाचीच मोजणी चुकलेली नसते. प्रत्येकाने मोजायला सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून केलेली असते. ती कुठून केली आणि दोन्ही पत्रिकांना तीच पद्धत लावली का, हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. मंगळाचा संसारावर खरोखर परिणाम होतो का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याबद्दलही पुढे लिहिलं आहे, पण आधी हिशेब समजून घेऊ.

मंगळ असणं म्हणजे नेमकं काय

मंगळ सगळ्यांच्याच पत्रिकेत असतो. आपण ज्याला "मंगळ आहे" म्हणतो ती एक मोजणी आहे. राशी बारा. एका राशीला पहिलं स्थान धरायचं आणि मंगळ ज्या राशीत आहे तिथपर्यंत मोजत जायचं. आकडा १, ४, ७, ८ किंवा १२ आला तर मंगळ आहे, एरवी नाही. महाराष्ट्रात साधारण हीच पाच स्थानं धरतात. दक्षिणेत पहिल्याऐवजी दुसरं स्थान धरण्याची पद्धत आहे आणि काही जण दोन्ही धरून सहा स्थानं करतात. त्यामुळे समोरचं स्थळ बेळगावपलीकडचं असेल, तर वादाला आणखी एक कारण मिळतं.

मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: जिथून सुरुवात करतो ती राशीही मोजायची, ती पहिली. आपली मेट्रो घ्या. शिवाजीनगरपासून मोजलं तर शिवाजीनगर पहिलं, जिल्हा न्यायालय दुसरं, कसबा पेठ तिसरं आणि मंडई चौथं स्थानक. कसबा पेठेत चढलेल्या माणसाला तीच मंडई दुसरी. मंडई जागची हललेली नाही, चढणारे वेगळे आहेत. पत्रिकेतल्या मंगळाचंही तसंच.

प्रचलित पद्धतीत सुरुवात लग्नापासून करतात. इथे लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. चंद्र ज्या राशीत आहे तिथून मोजलं तर तो चंद्रापासूनचा मंगळ आणि शुक्राच्या राशीपासून मोजलं तर शुक्रापासूनचा. वेगळे ग्रह नाहीत, वेगळा मंगळही नाही.

चंद्र आणि शुक्रच का? रवी किंवा गुरू का नाही?

ज्योतिषांचं यामागचं तर्कशास्त्र असं: लग्न म्हणजे देह आणि व्यक्ती, चंद्र म्हणजे मन, शुक्र म्हणजे दांपत्यसुखाचा कारक. लग्न करणार तर तिघांनाही विचारायला हवं. शिवाय आपल्याकडे रास म्हणजे चंद्ररास, आणि छत्तीस गुणांचं गुणमेलनही चंद्राच्या नक्षत्रावरूनच होतं. गुण चंद्रावरून जुळवायचे आणि मंगळ बघताना मात्र चंद्राकडे काणाडोळा करायचा, हे अनेक ज्योतिषांना पटत नाही. त्यांच्या बाजूने पाहिलं तर हा मुद्दा सुसंगत आहे.

दुसरं कारण अगदी व्यवहारी आहे. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. गावाकडे घरीच बाळंतपण झालं असेल आणि वेळ "गुरं चरायला सोडली तेव्हा" अशी सांगितली जात असेल, तर लग्नाचा भरवसा कसा धरायचा? चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो आणि शुक्र साधारण पंचवीस दिवस. जन्मवेळ तासाभराने इकडेतिकडे झाली तरी त्यांची रास सहसा बदलत नाही.

पण तिघांपैकी जास्त वजन कोणाला, यावर एकमत नाही. काही जण लग्नापासूनचा मंगळ सर्वांत कडक मानतात, मग चंद्राचा आणि शेवटी शुक्राचा. काही जण नेमका उलटा क्रम सांगतात. दोन्ही बाजूंचे लोक तितक्याच ठामपणे बोलतात, हे पत्रिका घेऊन दोन ठिकाणी गेलेल्या कोणालाही ठाऊक असेल.

एक पत्रिका उघडून बघू

उदाहरणासाठी १५ मे १९९७ ही तारीख घेऊ. त्या दिवशी जन्मलेली मुलंमुली आज लग्नाच्या वयाची आहेत. जन्मस्थळ पुणे, वेळ सकाळचे नऊ. त्या दिवशी मंगळ सिंहेत होता, चंद्रही सिंहेत आणि शुक्र वृषभेत. पुण्यात नऊ वाजता मिथुन लग्न चालू होतं.

पत्रिकेतल्या चौकटींत जे आकडे छापलेले असतात ते राशींचे असतात, स्थानांचे नव्हे. मेष १, वृषभ २, मिथुन ३, कर्क ४, सिंह ५, असं. इथे बरेच जण फसतात: मंगळ ५ लिहिलेल्या घरात दिसला की "पंचमात मंगळ" म्हणून मोकळे होतात. या पत्रिकेत मंगळ ५ या आकड्याजवळ आहे, पण लग्न ३ आहे. म्हणून ३, ४, ५ असं मोजायचं. मंगळ तिसरा. तीन हा आकडा आपल्या पाच स्थानांत नाही, म्हणजे लग्नापासून मंगळ नाही. गुरुजी बरोबर होते.

चंद्र ५ जवळच आहे, म्हणजे चंद्रापासून मंगळ पहिला. म्हणून चंद्रापासून मंगळ आहे. वरपक्षाचे ज्योतिषीही बरोबर. शुक्र २ जवळ आहे: २, ३, ४, ५, म्हणजे मंगळ चौथा. शुक्रापासूनही मंगळ आहे. मोबाइलनेही खोटं सांगितलेलं नाही.

आता त्याच दिवशी, त्याच शहरात, दोन तास आधी सात वाजता जन्मलेली दुसरी मुलगी घ्या. सातला वृषभ लग्न होतं. लग्नापासून मंगळ चौथा, म्हणजे तिला लग्नापासूनही मंगळ आहे. चंद्र आणि शुक्र मात्र दोघींना तेच.

कोणता मंगळ किती "तुमचा" असतो

या दोन मुलींच्या उदाहरणातला खरा मुद्दा मला इथे दिसतो, आणि पत्रिका पाहताना तो क्वचितच कोणी सांगतं.

लग्नापासूनचा मंगळ वेळ आणि ठिकाण दोन्हींवर ठरतो. नऊ वाजता पुण्यात जे लग्न होतं ते त्याच क्षणी लंडनमध्ये नव्हतं. म्हणून ही मोजणी त्यातल्या त्यात व्यक्तिगत. चंद्रापासूनची मोजणी सव्वादोन दिवसांच्या गटाची. १३ मे १९९७ ला दुपारी जन्मलेल्यांचा चंद्र कर्केत होता, त्यांना मंगळ दुसरा: आपल्याकडे दोष नाही, दक्षिणेत आहे. १५ मेच्या सगळ्यांना पहिला, म्हणजे दोष. १८ मेला चंद्र कन्येत होता, त्यापासून मंगळ बारावा, पुन्हा दोष. २० मेला तुळेत, त्यापासून अकरावा, दोष नाही.

शुक्रापासूनची मोजणी तर याहून सामुदायिक. त्या वर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात शुक्र मेषेत होता आणि मंगळ सिंहेत. शुक्रापासून मंगळ पाचवा, म्हणजे त्या काळात जगात कुठेही जन्मलेल्या कोणालाही शुक्रापासून मंगळ नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात शुक्र वृषभेत गेला आणि मोजणी चौथी झाली. तिथून पुढचे तीन आठवडे ससूनमध्ये जन्मलेलं प्रत्येक बाळ, कोल्हापुरातलं प्रत्येक बाळ आणि ब्राझीलमधलं प्रत्येक बाळ शुक्रापासून मांगलिक. मे संपता संपता शुक्र मिथुनेत गेला, मोजणी तिसरी झाली आणि दोष संपला.

म्हणजे त्या मे महिन्यात जन्मलेल्या मुलीला "तुला शुक्रापासून मंगळ आहे" असं सांगणं म्हणजे "तुझा जन्म ७ मे ते २८ मेच्या दरम्यानचा आहे" एवढंच सांगणं आहे. तिच्या शाळेच्या वर्गात त्या तीन आठवड्यांत वाढदिवस असणारे जितके असतील, त्या सगळ्यांना तो आहे. शुक्रापासूनचा मंगळ सर्वांत तीव्र मानणाऱ्यांना मी हा प्रश्न नेहमी विचारतो: जो दोष सर्वांत जास्त लोकांत वाटला गेला आहे, तोच सर्वांत व्यक्तिगत घात कसा करतो? समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

मग मांगलिक असतात तरी किती?

साधा हिशेब करू. बारापैकी पाच स्थानं दोषाची. मंगळ कुठल्याही स्थानात सारख्याच शक्यतेने असतो असं धरलं, तर फक्त लग्नापासून मोजून शंभरातले सुमारे ४२ जण मांगलिक ठरतात. हाच आकडा ऐकून लोक चमकतात, कारण "मंगळ" म्हणजे काहीतरी दुर्मीळ अशी आपली समजूत असते.

आता तिन्हींपासून मोजू आणि कुठूनही दोष निघाला तरी मांगलिक म्हणू. दोष अजिबात नसण्यासाठी तिन्ही मोजण्यांतून सुटावं लागेल. एकातून सुटण्याची शक्यता बारात सात. तिन्हींतून सुटण्याची शक्यता त्याचा तीनदा गुणाकार: १७२८ मध्ये ३४३, म्हणजे शंभरात जेमतेम २०. उरलेले ८० मांगलिक! हा आकडा ढोबळ आहे. आपल्याला आकाशात मंगळ सूर्याच्या बाजूला जास्त काळ रेंगाळताना दिसतो आणि शुक्र तर सूर्याला सोडून लांब जातच नाही, त्यामुळे शुक्राच्या मोजणीत काही स्थानं जास्त वेळा येतात. पण चित्र फारसं बदलत नाही.

"तिन्हींपासून दोष असेल तरच मांगलिक" असा नियम केला तर शंभरातले फक्त ७ उरतात. "तिन्हींपैकी किमान दोन" असा केला तर ३८, म्हणजे नुसत्या लग्नापासूनच्या ४२ च्या जवळपास. तीच माणसं, तेच ग्रह आणि आकडा ७ पासून ८० पर्यंत कुठेही. तो ठरवणारा मंगळ नसून नियम असतो, आणि कोणता नियम लावला हे पत्रिकेवर लिहिलेलं नसतं.

"पण तिन्हीकडून पाहिलं तर जास्त सुरक्षित नाही का?"

हा आक्षेप आईवडील हमखास घेतात आणि तो वाटतोही रास्त. लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे, जरा जास्तच तपासलेलं बरं.

पण मंगळाचा नियम पुढे काय सांगतो? मांगलिकाला मांगलिक चालतो, बिनमंगळाला बिनमंगळ, अडचण फक्त एकाला असला आणि दुसऱ्याला नसला तर. फक्त लग्नापासून मोजलं तर अशा विजोड जोड्या शंभरात सुमारे ४९ निघतात. दोघांनाही तिन्हीकडून मोजलं तर शंभरातले ८० मांगलिक होतात, साहजिकच मांगलिकाला मांगलिक सहज भेटतो, आणि विजोड जोड्या ३२ वर येतात. म्हणजे जास्त बारकाईने तपासल्यावर अडलेली स्थळं कमी होतात. नियम कडक केला म्हणून गाळणी बारीक झाली असं समजू नका, उलट ती सैल झाली.

खरी गडबड होते ती वेगळीच. मुलीची पत्रिका तिन्हीकडून पाहतात आणि मुलाची फक्त लग्नापासून. मुलाची पत्रिका घरच्या गुरुजींनी पंधरा वर्षांपूर्वी पाहून "मंगळ नाही" म्हणून ठेवलेली असते, ती पुन्हा कोण उघडतो? मुलीची मात्र नव्याने, तिन्ही बाजूंनी. अशा वेळी शंभरातल्या ४७ जोड्यांत "मुलीला मंगळ, मुलाला नाही" असा निकाल येतो, आणि उलटा प्रकार जेमतेम ८ जोड्यांत. या ४७ मुलींच्या पत्रिकेत वेगळं काही नाही. त्यांना लावलेलं माप वेगळं आहे. माझं म्हणणं एवढंच की चंद्र-शुक्र बघायचेच असतील तर दोघांचे बघा. नाहीतर दोघांचेही राहू द्या.

"परिहार असतातच की"

असतात. शुक्राचा किंवा चंद्राचा मंगळ निघाला की परिहार शोधायची घाई सुरू होते. परिहार म्हणजे दोष रद्द करणारा अपवाद. मंगळ स्वराशीत, म्हणजे मेषेत किंवा वृश्चिकेत असला, किंवा उच्च राशीत, म्हणजे मकरेत असला, तर बरेच जण दोष मानत नाहीत. बाराव्या स्थानात वृषभ किंवा तूळ राशीचा मंगळ चालतो, असेही स्थानागणिक नियम आहेत.

आपल्या १५ मेच्या मुलीकडे परत येऊ. सिंह आणि कुंभ राशीतल्या मंगळाचा दोष नाही, असा एक प्रचलित परिहार आहे. तो लावला तर तिचा चंद्राचा आणि शुक्राचा, दोन्ही मंगळ एका फटक्यात रद्द. सातला जन्मलेल्या मुलीचा लग्नापासूनचाही. तो परिहार न मानणारे ज्योतिषी म्हणतील, चंद्र आणि मंगळ एकाच राशीत आहेत, हा वेगळा योग आहे, म्हणून चंद्रापासूनचा दोष धरू नका. तरी शुक्राचा उरतो. आणि दोन्ही परिहार न मानणारे म्हणतील, "कडक मंगळ आहे."

त्यात आणखी एक पुणेरी भर. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांचं अयनांश वेगळं आहे, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा याबाबत त्यांच्यात सुमारे चार अंशांचा फरक आहे. मंगळ, चंद्र किंवा शुक्र राशीच्या सुरुवातीच्या चार अंशांत किंवा शेवटच्या चार अंशांत असेल, तर तो एका पंचांगात एका राशीत आणि दुसऱ्यात शेजारच्या राशीत पडू शकतो. रास तीस अंशांची असते, तेव्हा हा प्रसंग अगदीच विरळा नाही. तिन्ही ठिकाणांहून मोजलं तर तिन्ही सीमा तपासाव्या लागतात. दोन पत्रिका वेगवेगळ्या पंचांगांवरून केलेल्या असतील, तर आधी त्या एकाच पंचांगावरून करून घ्याव्यात.

"हे सगळं खरं असतं का?"

मंगळामुळे जोडीदाराच्या जिवाला धोका होतो, याला पुरावा नाही. पुण्यातच २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून ५० आली असती. ही चाचणी मंगळाची नव्हती, हे सांगायला हवं. पण तीन मोजण्या आणि डझनभर परिहार असलेल्या नियमाची चाचणी घेणंच मुळात अवघड आहे. संसार बिघडला तर कुठला ना कुठला मंगळ सापडतो, सुरळीत चालला तर कुठला ना कुठला परिहार.

समोरून "मंगळ आहे" असा निरोप आला तर

पत्रिका समोर घ्या. बहुतेक पत्रिकांत लग्नकुंडलीच्या शेजारी राशिकुंडली छापलेली असते. तिच्यात चंद्राची रास पहिल्या घरात असते, त्यामुळे चंद्रापासूनचा मंगळ तिथे थेट मोजता येतो. शुक्राची कुंडली सहसा छापत नाहीत. मंगळाजवळच्या आकड्यातून शुक्राजवळचा आकडा वजा करा आणि एक मिळवा. उत्तर शून्य किंवा त्याहून कमी आलं तर त्यात बारा मिळवा. १, ४, ७, ८, १२ पैकी काही आलं तर शुक्रापासून मंगळ आहे.

मग समोरच्यांना चार गोष्टी विचारा. मंगळ कुठून मोजला: लग्न, चंद्र की शुक्र? पाच स्थानं धरली की सहा? पंचांग कोणतं? आणि मुलाची पत्रिका याच पद्धतीने पाहिली का? चौथ्या प्रश्नाला "मुलाची आधीच बघून झाली आहे" असं उत्तर आलं, तर ती कुठून मोजली होती ते विचारा. पत्रिका मागवून स्वतः मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत.